नो-गो आत जातोय, पण होल साईझमध्ये आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला आहे. जॉबला २५ एच७ होल, म्हणजे २५.००० ते २५.०२१. नवीन प्लग गेज आलाय, त्याच्या सर्टिफिकेटवर नो-गो २५.०१९५ लिहिलाय. काल एका होलात नो-गो अलगद उतरला म्हणून जॉब बाजूला काढला, पण बोअर गेजनं तीन ठिकाणी बघितलं तर २५.०२०५, म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे चांगलाच की! २१ मायक्रॉनच्या दहा टक्के म्हणजे दोन मायक्रॉन गेज टॉलरन्स, तो मेकरनं पूर्ण लिमिटच्या आत घेतलाय. पुढची ऑर्डर देताना नो-गो २५.०२० ते २५.०२२, म्हणजे लिमिटच्या दोन्ही बाजूंना एकेक मायक्रॉन, असा मागावा का? पण मग २५.०२१५ चं होल पास होईल त्याची भीती वाटते. तुमच्याकडं कसं करता?