मदत हवी आहे: सहा महिने कोरडं पडलेलं पिंप, एका वळवात अळ्या कशा?

सोसायटीचा_हमाल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, कोथरूडला आमची ९६ फ्लॅटची सोसायटी आहे आणि यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे डेंग्यूच्या ११ केसेस झाल्या, त्यात माझा मुलगाही होता, त्यामुळे यंदा आधीपासून तयारी करायची असं ठरवलंय.

तर झालं असं की रंगकामासाठी आणलेलं २०० लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप दिवाळीनंतर मी स्वतः वॉचमनकडून उपडं करवून रिकामं केलं आणि गच्चीवर टाकीच्या खोलीच्या मागे सावलीत ठेवलं. कुणीतरी मध्येच ते सरळ केलं असणार, पण आत थेंब नव्हता, एप्रिलमध्ये मी स्वतः बघितलंय, तळाला नुसती वाळलेली धूळ होती. शुक्रवारी रात्री वळीव झाला, पिंपात वीतभर पाणी साठलं आणि सोमवारी सकाळी बघतो तर आत अळ्या वळवळतायत, चांगल्या तीन-चार मिलिमीटरच्या. नळाचं पाणी त्यात कधीच भरलेलं नाही.

आता प्रश्न असा आहे की आमच्या बजेटमध्ये जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा तीन धूरफवारण्या धरल्यात, कमिटीत सगळे त्यावर खूश आहेत, पण हे पिंप बघितल्यावर मला वाटतंय की काहीतरी मुळातच चुकतंय. एवढ्या लवकर अळ्या आल्या कुठून, आणि प्लॅन कसा बदलावा?

गच्चीवरची_बाग

आमच्याकडे पण डासांचा फार त्रास आहे हो, संध्याकाळी सहाला दारं-खिडक्या लावून बसावं लागतं. तुळस आणि गवती चहा लावलाय पण काही फरक नाही. कुणाला मच्छरदाणीवाली सरकती जाळी करून देणारा माहीत आहे का कर्वेनगर भागात?

सोसायटीचा_हमाल

ताई, तुमचा डास बहुतेक वेगळा आहे, संध्याकाळी येणारा म्हणजे गटारातला. डेंग्यूचा दिवसा चावतो. जाळीवाल्याचा नंबर व्यनि करतो.

उन्हाळी_मंगेश

यात गूढ काही नाही. वळवाच्या पाण्यात वरूनच येतात अंडी, वाऱ्याने. आणि तुम्ही पिंप सावलीत ठेवलंत हीच चूक. एप्रिलच्या उन्हात गच्चीच्या मधोमध ठेवा, प्लास्टिक एवढं तापतं की अंडी शिल्लकच राहत नाहीत. मी दरवर्षी असंच करतो.

निवृत्त_कीटकवाला

मंगेशराव, वाऱ्याने अंडी येत नाहीत, पण उन्हाचं तुम्ही अर्धं बरोबर बोलताय, ते नंतर सांगतो. मी ३२ वर्षं याच कामात काढली, आधी मलेरिया, मग डेंग्यू.

सचिवसाहेब, तुमच्याच तारखा नीट बघा, उत्तर त्यात आहे. शुक्रवारी रात्री पाणी साठलं. समजा शनिवारी सकाळी मादीने येऊन अंडी घातली. त्या अंड्यात गर्भ पुरा व्हायलाच दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे सोमवारी सकाळी ती अंडी फुटलेलीही नसती. तुम्हाला दिसलेल्या अळ्या तीन-चार मिलिमीटरच्या, म्हणजे त्या शनिवारीच बाहेर पडलेल्या. त्यामुळे ती अंडी पाऊस यायच्या आधीपासून पिंपात होती, पूर्ण तयार होऊन, नुसती पाण्याची वाट बघत. तुमचं पिंप नोव्हेंबरपासून कोरडं होतं म्हणताय, तर ती मागच्या मोसमातलीच.

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती, त्याची मादी पाण्यात अंडी घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर एकेक चिकटवते. एका वेळी शंभरच्या आसपास, आणि तीही सगळी एका भांड्यात नाही, थोडी या पिंपात, थोडी त्या कुंडीच्या बशीत, थोडी टायरमध्ये. घातल्या-घातल्या पांढरी असतात, काही तासांत काळी होतात. पहिल्या अर्ध्या दिवसात पिंप वाळलं तर ती मरतात, कवच तयार झालेलं नसतं. त्यानंतर गर्भाभोवती आतून एक आवरण तयार होतं आणि अंडं पाणी धरून ठेवतं. दोन-तीन दिवसांनी आत अळी तयार असते, पण बाहेर येत नाही, गप्प बसते. सावलीत दमट जागी सहा महिने सहज, त्याहून जास्तही निघतात.

आता मंगेशरावांचं ऊन. थेट उन्हात तापलेल्या प्लास्टिकवर खूप अंडी मरतात, हे खरं. पण पिंपाला एक बाजू सावलीची असतेच, काठाखालची कड असते, टायरला तर आत ऊन जातच नाही. आणि सोसायटीत उन्हात ठेवता येईल तेवढंच सामान असतं का? जिन्याखालचं, डक्टमधलं, कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, हे सगळं सावलीतच.

उन्हाळी_मंगेश

बरं, वाऱ्याचं मागे घेतो. पण मग पाणी काढून टाकलं की झालं ना? आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणतात तो त्यासाठीच.

निवृत्त_कीटकवाला

कोरडा दिवस अळ्यांसाठी आहे. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा पाणी ओतलं की मधल्या अळ्या आणि कोष जातात. पण भिंतीवरची अंडी तिथेच राहतात, परत पाणी भरलं की परत अळ्या. म्हणून घासायचं असतं, आणि लोक नेमकं तेच सोडतात. पाणी ओततात, एकदा हिंदकळतात, परत भरतात.

घासताना पाण्याची जुनी रेषा शोधा. तुमच्या पिंपात कुठेतरी मळकट कडं दिसत असेल, त्याच्या वर तीन-चार बोटं जागा ताठ ब्रशने घासायची. नुसतं हाताने पुसून अंडी निघत नाहीत, डिंकासारखी धरून असतात. आणि निघालेली घाण मोरीत किंवा कुंडीत ओतू नका, अंडी अजून जिवंत असतात. उन्हातल्या कोरड्या मातीत टाका.

होंडुरासमध्ये बायकांनी धुण्याच्या हौदासाठी एक सोपी पद्धत वापरली, ब्लीच आणि कपड्याची पावडर एकत्र करून लगदा भिंतीला लावायचा, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, मग घासून धुवायचं. ब्लीच अंड्याचं कवच खातो. फक्त संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधी मिसळू नका, विषारी वायू होतो.

सोसायटीचा_हमाल

काका, घासायच्या आधी मी एक करून बघितलं, तुम्ही सांगायच्या आधीच. सोमवारी अळ्यांचं पाणी गाळून मातीत टाकलं, पिंप दोन दिवस वाळवलं, मग बुधवारी परत तेवढंच स्वच्छ पाणी भरून वर जाळी बांधली, म्हणजे बाहेरून मादी यायला नको. गुरुवारी संध्याकाळी अळ्या दिसल्या, मोजल्या तर १४. पहिल्या वेळी साठ-सत्तर होत्या, नीट मोजल्या नव्हत्या. म्हणजे पहिल्या पाण्याने सगळी फुटली नाहीत?

निवृत्त_कीटकवाला

शाबास, तुम्ही जाळी बांधलीत म्हणून तुमचं निरीक्षण खरं धरता येतं. हो, हप्त्याहप्त्याने फुटतात. एकाच पावसात सगळी बाहेर आली आणि मग पाणी आटलं तर सगळी पिढी संपेल, म्हणून काही मागे राहतात. पाण्यात कुजकं पडलं, जंतू वाढले, ऑक्सिजन कमी झाला की जास्त फुटतात. पानं पडलेलं घाण पाणी असतं तर पहिल्याच वेळी जास्त दिसल्या असत्या.

मुद्दाम भरून, अळ्या निघू देऊन, पाचव्या दिवसाच्या आत ओतून टाकणं हा घासता न येणाऱ्या वस्तूंसाठी बरा उपाय आहे, पण दोन-तीनदा करावा लागतो आणि विसरलात तर तुम्हीच डास पाळलेत असं होतं.

पाषाणची_वर्षा

आमच्या सोसायटीने मागच्या वर्षी पाच वेळा धूर केला, गाडी यायची, सगळे मुलांना घरात घ्यायचे, आणि तरी गणपतीनंतर केसेस झाल्याच. एजन्सी म्हणते औषध बदललं पाहिजे. टेमिफॉस टाकलं तर अंडी मरतात का?

निवृत्त_कीटकवाला

नाही. टेमिफॉस अळी मारतं, अंड्याला ढिम्म. पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम हा डोस असतो, अंड्यातून निघालेली अळी त्यात मरते, बस. धूर तर फक्त त्या वेळी उडणाऱ्या डासांना, तेही लागला तर, कारण हा डास घरात पडद्यामागे बसतो. तुमच्या पाच धुरांमुळे भिंतीवरच्या एकाही अंड्याला काही झालं नाही. दर पावसाला नवीन हप्ता निघत होता.

म्हणून सचिवसाहेब, तुमचं कॅलेंडर उलटं आहे. डास सगळ्यात कमी आणि भांडी सगळ्यात कमी असतात ते मार्च ते मे. त्या वेळी घासलेलं एक पिंप सप्टेंबरमधल्या धुरापेक्षा भारी. दुसरं, पहिल्या वळवानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळी गच्ची, डक्ट, पार्किंग फिरा. तेव्हा अळ्या दिसतात पण कोष व्हायचे असतात, म्हणजे डास उडायच्या आत सापडतात. कुठे अंडी होती तेही ती जागाच सांगते, मार्करने खूण करा. तिसरं, धुराचे पैसे ठेवा, पण केस आली की आजूबाजूच्या घरांत वापरायला, तारखा ठरवून नाही.

आणि एक खोड सांगतो आमच्या धंद्यातली. आम्ही अळ्या मोजायचो, शंभर घरांत किती घरांत सापडल्या वगैरे. एप्रिलमध्ये पाणीच नसायचं तेव्हा कागद कोरा यायचा आणि वरचे म्हणायचे आटोक्यात आलं. अळ्या शून्य म्हणजे अंडी शून्य, असं कुणी मोजलंच नव्हतं. बघायचं असेल तर काळ्या डब्यात खरबरीत कागदाची पट्टी पाण्यावर अर्धी बुडवून ठेवा, आठवड्याला काढून भिंगाखाली काळे ठिपके मोजा. पण हे ओल्या मोसमात चालतं, आठवड्याला उचललंच पाहिजे, आणि जुन्या भांड्यावरची अंडी त्यात दिसत नाहीत.

टायरवाला_बाबू

माझं पंक्चरचं दुकान आहे, मागे शंभरेक जुने टायर पडलेत. ते घासणार कोण? मुलाला सांगितलं तर काम सोडून जाईल.

निवृत्त_कीटकवाला

घासू नका, पाणी आत जाऊच देऊ नका. छपराखाली किंवा ताडपत्रीखाली, आणि जुने विकून मोकळे व्हा. नुसते इकडून तिकडे हलवले तर अंडी बरोबर जातात. याच डासाचा भाऊ, आशियाई वाघ डास, १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला सापडला, जुन्या टायरांच्या जहाजी व्यापारातून गेलेला.

वर्गातला_शेवटचा_बाक

एक शंका. मादीच्या अंगातला डेंग्यूचा विषाणू अंड्यात जातो असं वाचलं. मग कोरड्या अंड्यात विषाणूही सहा महिने राहून पावसात थेट आजारी डास निघतो का? मग केस यायची वाट बघून धूर करण्यात अर्थ नाही.

निवृत्त_कीटकवाला

जातो, पण फार कमी अंड्यांत. त्यातून नवीन साथ सुरू होते का यावर आमच्यातच एकमत नाही. मला स्वतःला वाटतं पुण्यात माणसंच ये-जा करून विषाणू आणतात. माझं मत एवढंच.

वर्गातला_शेवटचा_बाक

मला पटलं नाही पण माझ्याकडे उलटा पुरावाही नाही.

सोसायटीचा_हमाल

काल तिसऱ्यांदा भरलं, तीनच अळ्या. पिंप ब्लीच-पावडरने घासलं, काठावर खरंच काळं कडं होतं, मी ते सहा महिने तेलकट मळ समजत होतो. कमिटीत सांगितलं की जुलैची फवारणी रद्द करून चार ब्रश आणि दोन बायकांची आठ दिवसांची मजुरी द्या, तर खजिनदार म्हणाले, धूर दिसतो, ब्रश दिसत नाही, लोक विचारतील पैसे कुठे गेले. सध्या ऑगस्टची फवारणी अजून यादीत आहे. रविवारी डक्ट उघडायचाय, चावी कुणाकडे आहे तेच शोधतोय.