व्होल्टेअरचं न सापडणारं वाक्य

«‘तुझं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडायच्या तुझ्या हक्कासाठी मरेपर्यंत लढेन’ हे फ्रेंच लेखक व्होल्टेअरचं वाक्य आमच्या बेळगावात भाषणांत हमखास येतं. छापण्याआधी कसं तपासायचं?»

आधी बघा, कुणी मूळ पुस्तक किंवा पत्राचं नाव देतं का. इथे कुणी देत नाही, तिथेच शंका यावी. मग जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहांत तारखेची मर्यादा घालून मागे मागे शोधत जायचं. व्होल्टेअर गेला 1778 मध्ये, आणि या शोधात हाती लागतं ते 1906 मधलं इव्हेलिन बीट्रिस हॉल यांचं इंग्रजी पुस्तक, टॅलेंटायर या टोपणनावानं छापलेलं. हेल्वेशियस या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या पुस्तकावर गदारोळ झाला, त्या वेळची व्होल्टेअरची भूमिका त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडली, पण अवतरणचिन्हांत! पुढे ‘हे शब्द माझे’ असं त्यांनीच सांगितलं. घोटाळा त्या चिन्हांनी केला, लबाडी नव्हती.

पण आजच्या माणसाच्या, समजा तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या, नावाने फिरणाऱ्या वाक्याला ग्रंथालय उपयोगाचं नाही. तिथे मूळ कन्नड प्रसिद्धीपत्रक किंवा अख्खा व्हिडिओ मागायचा, कापलेला तुकडा नाही, आणि कार्यालयाला फोन करायचा. नकार आला तरी व्हिडिओ बघायचाच. बोललेलं नाकारणारेही असतात.