मदत हवी आहे : बारशाच्या संहितेतला वरवंट्याचा प्रसंग

पुण्यातल्या नव्या आईबाबांसाठी बारशाच्या छोट्या व्हिडिओची संहिता लिहितोय. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’पाशी अडलोय, कारण इथे घराघरांत फरक पडतो.

सध्या असं लिहिलंय : धुतलेला वरवंटा कुंची-दुपट्यात गुंडाळायचा. पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहून तो एकदा वरून, एकदा खालून एकमेकींना देतात. मग वरवंटा बाहेर काढून बाळाला पाळण्यात ठेवायचं. आत्या कानात नाव सांगते, ‘कुर्रर्र’ होतं, आत्याच्या पाठीवर थापा पडतात. शेवटी घुगऱ्या; पंचवीस जणांना मूठमूठ द्यायला अर्धा किलो हरभरे आदल्या रात्री भिजवले की पुरतात.

काही घरांत याच पद्धतीने बाळालाही देतात. खरी काळजी तिथेच आहे. बारा दिवसांच्या बाळाची मान धरलेली नसते, आणि पाळणा खाली टांगला असेल तर खालून घेताना डोकं दांडीला लागू शकतं. म्हणून खालचा फेरा फक्त वरवंट्याचा, असं सुचवावंसं वाटतं.

तुमच्याकडे बाळाला खालून देतात का? वरवंट्याऐवजी दुसरं काही ठेवतात का? गाव आणि घरची रीत दोन्ही लिहा.