ऑफिसच्या फिटनेस चॅलेंजमधली टोपणनावं: तुमचे अनुभव सांगा

पानगळ
पुढच्या महिन्यात आमच्या ऑफिसात सहा आठवड्यांचं पावलांचं चॅलेंज आहे, २४ जण, आणि यावेळी ग्रुप मी सांभाळणार आहे. मागच्या वर्षी कुणीतरी एका सहकाऱ्याचं नाव सुमो ठेवलं, सगळे हसले, तोही हसला, पण तिसऱ्या आठवड्यापासून त्याने आकडे टाकणंच बंद केलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. नावं ठेवायची मजा मला घालवायची नाहीये. तुमच्याकडे कुठली नावं चालली, कुठली फसली, ते हवंय.

जिनेवाली
मी तीनदा चालवलंय असं चॅलेंज. पहिल्या आठवड्यात कुणालाच नाव द्यायचं नाही हा माझा नियम. नुसते आकडे घ्यायचे आणि कोण काय करतंय ते बघायचं. नाव त्यातूनच निघतं. आमच्या अकाउंट्समधल्या एका काकांची सरासरी ३,२०० पावलं होती, यादीत खालून दुसरे. पण डबा खाल्ला की ते लिफ्ट सोडून चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने यायचे, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांचं नाव पडलं "चौथा मजला". दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यासोबत अजून दोघं जिना चढायला लागले, कारण आता ते जेवण झाल्यावर "चला चौथ्या मजल्यावर" म्हणायचे आणि लोक उठायचे. सहाव्या आठवड्यात सरासरी ५,१०० झाली. एक पुण्याची मुलगी रोज सकाळी बरोब्बर सव्वासातला घराबाहेर पडायची, तिला आम्ही डेक्कन क्वीन म्हणायला लागलो, पुण्याहून ती गाडी सव्वासातलाच सुटते ना. मग तिलाच उशीर करवेना.
आणि नाव ग्रुपवर विचारायचं नाही. वैयक्तिक मेसेज करून दोन नावं सुचवायची आणि "तिसरं तू सांग" म्हणायचं. ग्रुपवर चोवीस जणांसमोर कुणी नको म्हणत नाही, हसून घेतं. सुमोचं तेच झालं असणार.

कोल्हापुरी तडका
इतकं जपून कशाला करायचं सगळं? मला कॉलेजपासून ढोल्या म्हणायचे, ऑफिसात पण तेच चालू राहिलं, आणि त्याच रागात मी ११ किलो उतरवले. टोचल्याशिवाय माणूस हलत नाही राव. आमचा एक दोस्त तर रोज पहाटे साडेपाचला "ढोल्या ऊठ" म्हणून दारात उभा राहायचा, पाऊस असला तरी.

जिनेवाली
दादा, मला वाटतं तुम्हाला उठवलं त्या दारात उभ्या राहणाऱ्या मित्राने. नाव टोचलं असेल, नाही म्हणत नाही. पण नुसतं नाव ठेवून तो घरी झोपला असता तर?

कोल्हापुरी तडका
हे मान्य, तो नसता तर अवघड होतं. तरी राग आला होता तो खराच, तो कामी आला असं मला अजून वाटतं.

सांजवेळ
पानगळ, बँड कुठला घेताय तुम्ही? स्वस्तातला चालेल का? मी नुसत्या मोबाइलवर मोजते आणि नेहमी कमी दिसतात.

पानगळ
सांजवेळ, बँड नाही घेत आहोत, ज्याचा त्याचा मोबाइल. प्रश्न टोपणनावांचा आहे गं.

सांजवेळ
अगं हो, पण माझ्याकडे तोही किस्सा याच्यातूनच झालाय. फोन टेबलावर चार्जिंगला, नाहीतर पर्समध्ये, आणि पर्स खुर्चीला अडकवलेली. मी दिवसभर स्टोअर ते डिस्पॅच धावायचे आणि आकडा १,९००. दोन आठवडे सगळ्यात खाली, म्हणून नाव पडलं "शेवटची लोकल". तिकडे खिशात फोन ठेवणारे पुरुष आपोआप वर. एका मैत्रिणीने मला कमरेला लावायचा पाउच दिला, पहिल्याच दिवशी ७,४०० आले! नाव मात्र संपेपर्यंत तेच राहिलं. आकडा चुकीचा होता आणि नाव चुकीच्या आकड्यावर बसलं, ते मला अजून लागतं.

जिनेवाली
सांजवेळचं हे मलाही कधी सुचलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात फोन कुठे असतो ते विचारून घ्यायचं, मगच आकडे धरायचे. आणि कधीही सगळ्यात खाली कोण यावरून नाव नको.

मावळा ७२
आम्ही मनसबदारी केली होती. पाच हजारांचा टप्पा गाठला की पंचहजारी, सात हजारांना सातहजारी. ज्यांची सुरुवात अडीच-तीन हजारांवर होती त्यांना पंचहजारी झाल्यावर जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता, एका ताईंनी घरी पेढे वाटले. दहाहजारी मात्र आम्ही मुद्दाम ठेवली नाही, कारण हा दहा हजारांचा आकडा १९६५ सालच्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. डॉक्टरांनी आजार बघून काढलेला तो आकडा नाही. घोळ एवढाच झाला की ज्यांना कुठलीच मनसब मिळाली नाही ते पाच जण गप्प पडले. पुढच्या वेळी मनसब आकड्यावर न देता, स्वतःच्या पहिल्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा हजार पावलं वाढली की द्यायची असं ठरवलंय. करून बघायचंय अजून.

पहाटवारा
चांगलं नावसुद्धा जड होतं, हे सांगायला आले. माझं नाव "नागा नाही" पडलं, कारण २६ दिवस मी एकही दिवस चुकवला नव्हता. मला फार आवडायचं. २७व्या दिवशी ताप १०१, तरी रात्री दहाला घरात हॉल ते किचन फेऱ्या मारत बसले, नवरा ओरडत होता आणि मी म्हणत होते की मग मला नागा नाही कोण म्हणणार. पुढचे चार दिवस अंथरुणात. बरी होऊन आल्यावर एका मैत्रिणीने ग्रुपवर लिहिलं "परत हजर आली रे", आणि तेच नाव झालं, परत हजर. हे नाव मला जास्त सोसतं, कारण खाडा पडला तरी ते तुटत नाही.

बुक्का
आमच्याकडे सगळ्यांना एकच नाव, माऊली. वारीत कसं, ओळखीचा नसला तरी माऊलीच. सगळ्यांची पावलं एकत्र मिळवून आळंदी ते पंढरपूरचं अंतर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, टीमने मिळून पार करायचं. कोण किती चालला ते दिसतच नाही, आज टीम सासवडला पोचली एवढंच दिसतं. दोन हजार पावलंवाल्याने पण वाटचालीत भर घातलेली असते.

जिनेवाली
अंतराची कल्पना फार आवडली. माऊली हे नाव मात्र मी विचारून ठेवेन. आमच्याकडे एका सहकाऱ्याला ते जमत नव्हतं, त्याच्या घरचं वातावरण वेगळं, आणि तो बोलला तेही दोन महिन्यांनी.

बुक्का
आम्हाला तर कुणी कधी काही बोललं नाही. पण तुम्ही म्हणताय तसं, बोलणार तरी कसं सगळ्यांसमोर. विचारते एकेकाला.

चष्मेबहाद्दर
कासव ठेवू नका. मी चांगल्या भावनेने ठेवलं होतं, शर्यत जिंकतो म्हणून. त्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि त्यांना त्यात फक्त हळू एवढंच ऐकू आलं. मी माफी मागितली, त्यांनी नाव स्वतः निवडलं, "बागेतली फेरी", कारण त्या रोज सोसायटीच्या बागेत एक फेरी घालतात. अजून त्याच नावाने चालतात.

पानगळ
किती छान लिहिलंत सगळ्यांनी. पहिला आठवडा बिननावाचा, फोन कुठे ठेवता ते विचारणं, आणि वैयक्तिक मेसेज हे तिन्ही घेतेय. मागच्या वर्षीच्या त्या सहकाऱ्याला आज विचारलं, येशील का. तो म्हणाला येतो, पण मला काही नाव नको, साधं माझं नाव लिही. बाकी २३ जणांना टोपणनाव आणि याचं तेवढं नुसतं नाव, हे यादीत वेगळं पडेल का, काय करू?

जिनेवाली
अजून दोन-तीन जणांना विचार, नुसतं नाव चालेल का. आमच्याकडे दर वेळी निघतात तसे.