मदत हवी आहे: पोकळीत चार्ज शून्य, तरी फील्ड आहे. आकृती बघूनच हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, लातूरला नीटची तयारी चालू आहे. फॉर्म्युले पाठ न करता गाऊसच्या नियमानेच फील्ड काढायचं ठरवलंय.

साधा भरीव गोळा जमतो. चार्ज सगळीकडे सारखा, घनता ρ. आत r त्रिज्येचं गोल पृष्ठ घेतलं की E·4πr² = ρ·(4/3)πr³/ε₀, म्हणून E = ρr/3ε₀.

आता त्याच गोळ्यात, केंद्रापासून a अंतरावर केंद्र असलेली एक गोल पोकळी आहे. (गोळा कंडक्टर नाही, हे आधीच सांगतो.) पोकळीतल्या पृष्ठाच्या आत चार्ज नाही, म्हणजे फ्लक्स शून्य. पण अख्खा गोळा आणि पोकळीच्या जागी −ρ चा छोटा गोळा अशी बेरीज केली, तर पोकळीत सगळीकडे E = ρa/3ε₀ येतं, एकाच दिशेने. जेवढ्या रेषा आत तेवढ्याच बाहेर, त्यामुळे नियम मोडत नाही हे पटलं. पृष्ठावर E सारख्या कोनात नाही, म्हणून तो इंटिग्रलबाहेर काढता येत नाही.

अडतंय ते बेरजेआधीच हे ओळखण्यात. सध्या मी आकृती मनात फिरवून, सरकवून बघतो. पोकळीवाला गोळा फक्त एकाच अक्षाभोवती फिरवला तर तसाच दिसतो. मर्यादित लांबीचा दांडाही तसाच, पण त्याचे सिमेट्रीवाले तुकडे मला पाडता येत नाहीत.

इंटिग्रेशन येतं, तयार सूत्र नकोय. एवढंच सांगा: फिरवणं, सरकवणं आणि आरसा एवढी तपासणी पुरते का, आणि तुकडे पाडून गाऊस चालेल की थेट इंटिग्रेशनच करावं लागेल, हे कशावरून ठरवता?