प्रतिसाद: शेवटचे वीस सेकंद

> मृत्युपत्रावर व्हिडिओ केलाय. शेवटी 'आजच करून टाका' असं दटावायचं नाहीये. मग म्हणू काय?

'तुम्ही केलंय का?' असं विचारू नका. 'नाही' म्हणणारा ओशाळून व्हिडिओ बंद करतो. त्यापेक्षा विचारा, 'घरातली कागदपत्रं कुठे आहेत, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?' माणूस आपसूक कपाट आठवू लागतो. मग तीन-चार सेकंद गप्प राहा, संगीतही नको. यूट्यूबची एंड स्क्रीन ५ ते २० सेकंदांची असते. ती प्रश्नावरच सुरू झाली, तर पुढच्या व्हिडिओचा चौकोन प्रश्न गिळून टाकतो, म्हणून ती शांततेनंतरच लावा. 'सबस्क्राइब करा' हवंच असेल तर मध्येच उरकून घ्या. आणि कमेंटमध्ये उत्तर तर अजिबात मागू नका. घरची गोष्ट चारचौघांत कोण सांगेल?