सीईटी फिजिक्स: टोकाची किंमत घालून पर्याय उडवताना चूक झाली, सल्ला हवा

ऋतुजा_बारावी
यंदा एमएचटी-सीईटी देतेय. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. केमिस्ट्री अर्ध्या तासात उरकली तर फिजिक्सच्या ५० प्रश्नांना तासभर मिळतो, तरी माझे आठ-दहा प्रश्न राहतातच. क्लासच्या सरांनी सांगितलं की सगळं सोडवत बसू नका, पर्यायांत टोकाची किंमत घाला, जे पटणार नाही ते उडवा. मला ते फार आवडलं. पण कालच्या सराव पेपरात त्यानेच मार्क गेला.

प्रश्न असा: भरीव सिलिंडर θ कोनाच्या उतारावरून न घसरता घरंगळत येतो, त्याचं त्वरण किती?
(अ) g sinθ (ब) (2/3) g sinθ (क) (1/2) g sinθ (ड) (2/3) g cosθ

मी θ = 90° घातलं. उतार भिंतीसारखा उभा झाला की सिलिंडर सरळ खाली पडणार, म्हणजे त्वरण g. तसं फक्त (अ) मध्ये येतं. दहा सेकंदांत टिक केलं आणि पुढे गेले. बरोबर उत्तर (ब) आहे. मग ही रीत वापरायची की सोडून द्यायची?

ओंकार_के
टोकाच्या किमतींच्या नादी लागू नकोस. मी आधी युनिट बघतो. चारपैकी दोन पर्यायांची युनिटंच जुळत नाहीत, ते गेले. उरलेल्या दोनांत थोडं डोकं चालवायचं. गेल्या वर्षी मला याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला.

नाशिकचा_बाबा
माझा मुलगा नीटला बसतोय. तिथे चुकलं की एक मार्क कापतात. मुलांना अशी अंदाजपंचे उत्तरं द्यायला शिकवणं मला धोक्याचं वाटतं. येत नसेल तर सोडून द्यावं.

ऋतुजा_बारावी
काका, मी ठोकून द्यायचं म्हणत नाहीये. पर्याय चुकीचा आहे हे कारणासकट ठरवायचं म्हणतेय. आणि सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही.
ओंकारदादा, माझ्या प्रश्नात चारही पर्यायांचं युनिट g चंच आहे ना?

मुक्ता_जोग
ऋतुजा, तुझा प्रश्न फार चांगला आहे. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि नेमकी हीच चूक दर वर्षी बघते.

रीत चुकीची नाही, तू निवडलेलं टोक चुकीचं आहे. प्रश्नातले “न घसरता” हे शब्द बघ. सिलिंडर गोल फिरायला लागतो तो घर्षणामुळे. इथे लागणारं घर्षण mg sinθ च्या एक तृतीयांश असतं, म्हणजे घर्षणांक निदान tanθ/3 हवा. उतार उभा होत जातो तसा tanθ वाढत जातो, आणि 90° ला कुठलंच घर्षण पुरत नाही. पृष्ठभाग सिलिंडरला दाबतच नाही, तर घर्षण येणार कुठून? तू 90° घातलंस तेव्हा सिलिंडर घरंगळायचा थांबला होता. तू दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर काढलंस, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरंच g आहे.

म्हणून टोकाची किंमत घालताना आधी एक गोष्ट विचारायची: त्या टोकाला प्रश्नातली अट टिकते का?

इथे टिकणारं एक टोक θ = 0 आहे. सपाट जमिनीवर त्वरण शून्य हवं, (ड) मध्ये ते 2g/3 येतं, म्हणून (ड) बाद. दुसरं टोक कोनात नाहीच, वस्तुमान कुठे आहे त्यात आहे. समज, सगळं वस्तुमान अक्षावर गोळा झालं. मग फिरवायला काही जोर लागत नाही, त्वरण g sinθ. आता सगळं वस्तुमान कडेला नेऊन ठेव, म्हणजे कडं झालं. त्याचं त्वरण (1/2) g sinθ, हे पाठच असतं. भरीव सिलिंडरचं वस्तुमान आतपासून कडेपर्यंत पसरलेलं आहे, तेव्हा उत्तर या दोघांच्या मधे पडायला हवं. मधे एकच पर्याय आहे, (ब).

ओंकार, युनिटचा आग्रह मला मान्य आहे, पण पेपर काढणाऱ्यालाही तो माहीत असतो. हल्ली बऱ्याच प्रश्नांत फरक 1/2, 2/3, 2π अशा आकड्यांचा असतो, आणि आकड्याला युनिट नसतं. तिथे युनिट मुकं राहतं.

ओंकार_के
हे पटलं. माझे दोलनाचे दोन प्रश्न 2π मुळेच गेले होते, आता लक्षात आलं.

सदानंद_पुणे
आकड्यांच्या प्रश्नांबद्दल थोडं. पर्याय हवेतून येत नाहीत, ते मुलांच्या नेहमीच्या चुकांतून येतात. उदाहरण घ्या: २७° सेल्सिअसला नायट्रोजनच्या रेणूंचा आरएमएस वेग मीटर प्रति सेकंदात. पर्याय १६.३, १५५, ५१७, ५१७०. रेणूभार २८ ग्रॅमचे किलो केले नाहीत तर १६.३ येतं. तापमान केल्व्हिनमध्ये न घेता २७ च घातलं तर १५५ येतं. म्हणून “माझं उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबर” हा भरवसा खोटा आहे.

मी आधी ओळखीचा आकडा शोधतो. हवेत आवाजाचा वेग ३५० च्या आसपास. आवाज हवेतून जातो तो रेणूंच्या धडकांनीच, म्हणून रेणू त्याहून थोडे जलद हवेत, पण दहापट नाहीत. ५१७ वर बोट ठेवायला पेन लागत नाही.

नाशिकचा_बाबा
हे आवडलं, मुलाला दाखवतो. पण नीटचं काय? दोन पर्याय उडाले आणि दोन राहिले तर टिक करावं का?

सदानंद_पुणे
बरोबरला ४, चुकीला उणे १. दोनच राहिले तर सरासरीने प्रश्नामागे दीड मार्क मिळतो. मी करीन.

मुक्ता_जोग
हिशोब बरोबर आहे, पण उडवलेले दोन खरंच चुकीचे असतील तरच. ऋतुजाने (ब) उडवलाच होता की! घाईत केलेल्या काटछाटीवर मी इतका विश्वास टाकणार नाही. सरावाच्या पेपरात अशा प्रश्नांवर खूण करून ठेवा आणि नंतर आपला किती टक्के नेम लागला ते मोजा. माझे काही विद्यार्थी यात निम्म्याहून कमी निघाले.

सदानंद_पुणे
निम्म्याहून कमी असले तरी पाचात एक बरोबर आला की नुकसान नाही. यावर आपलं जमायचं नाही बहुतेक. :)

ऋतुजा_बारावी
मुक्ताताई, आज एक करून बघितला, तपासाल का? M वस्तुमानाच्या चकतीसारख्या कप्पीवरून दोरी, दोन टोकांना m1 आणि m2, दोरी घसरत नाही. m1 मोठं. त्वरण?
(अ) (m1−m2)g/(m1+m2)
(ब) (m1−m2)g/(m1+m2+M/2)
(क) (m1−m2)g/(m1+m2+M)
(ड) (m1+m2)g/(m1+m2+M/2)

m1 = m2 केलं तर काही हलायला नको, (ड) गेला. ही अट टिकते, दोरी तशीच आहे. कप्पी प्रचंड जड केली तर त्वरण शून्याकडे जायला हवं, (अ) मध्ये M च नाही, गेला. मग (ब) की (क)? सगळं M कडेला असतं तर ते दोरीच्याच वेगाने फिरलं असतं आणि पूर्ण M मिळवावं लागलं असतं. चकतीचं आतलं वस्तुमान हळू फिरतं, म्हणून M पेक्षा कमी. (ब).

मुक्ता_जोग
अगदी बरोबर. किती वेळ लागला?

ऋतुजा_बारावी
पन्नास सेकंद. पण (क) मध्ये M ऐवजी M/3 असता तर?

मुक्ता_जोग
तर अडकली असतीस, कारण M/3 सुद्धा M पेक्षा कमीच आहे. तिथे चकतीचं MR²/2 आठवून सरळ सोडवायचं, तेही पन्नास सेकंदांतच होतं. म्हणून मी मुलांना सांगते: सूत्र एका ओळीत लागत असेल तर आधी तेच लावा. काटछाट अशा प्रश्नांसाठी ठेवा, जिथे अर्ध्या मिनिटानंतरही पहिली ओळ सुचलेली नाही.